बचत गटाच्या रजिस्टरच्या फोटोवरून मासिक अहवाल कसा तयार कराल?

गटाची सभा पाच तारखेला होते आणि रजिस्टर सचिवताईंच्या घरी राहते. अहवाल करायची जबाबदारी मात्र सीआरपी ताईवर, ग्रामसंघाच्या लिपिकेवर किंवा कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीवर असते. तिच्या मोबाइलवर पानांचे फोटो येतात आणि त्यावरून बचत, कर्ज आणि परतफेडीचा महिन्याचा हिशेब मांडायचा असतो. अशा वाचकांचे प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. आकडा नीट दिसत नाही, तर काय धरायचे? बेरीज जुळत नाही, तर कोणाची चूक? रजिस्टरमध्येच चूक असेल, तर अहवालात दुरुस्त केली तर चालते का?

हा लेख अंतर्गत कर्जापुरता आहे, म्हणजे गटाने स्वतःच्या पैशातून सदस्यांना दिलेल्या कर्जापुरता. बँकेने किंवा ग्रामसंघाने गटाला दिलेल्या कर्जाचे पान वेगळे असते आणि त्याचा अहवालही वेगळ्या भागात लिहितात. सदस्याने गटाला केलेली परतफेड आणि गटाने बँकेत भरलेला हप्ता एकाच ओळीत आले, तर पुढचे काहीच जुळणार नाही.

फोटो कधी आणि कोणत्या पानांचे?

सभा चालू असताना काढलेला फोटो वापरू नका. सभा संपताना कोणीतरी उशिरा येऊन पैसे भरते, रजिस्टरमध्ये नोंद होते, पण तुमच्या फोटोत ती नसते. खालच्या बेरजा घालून अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या झाल्या, की मगच फोटो घ्यायला सांगा.

फक्त चालू महिन्याचे पान पुरत नाही. एवढे मागवा:

- मागील महिन्याचे बचत-कर्जाचे पान. आरंभीच्या शिलका तिथून पडताळायच्या आहेत.
- चालू महिन्याचे बचत-कर्जाचे पान, खालच्या बेरजेसह.
- इतिवृत्ताचे पान: हजेरी आणि कर्जाचा ठराव दिसेल असे.
- रोकड वहीचे पान.
- बँक पासबुकचे पान, महिनाअखेरपर्यंत छापून घेतलेले.

पासबुकसाठी महिनाअखेर का, ते पुढे उदाहरणात दिसेल. सभा पाच तारखेला झाली तरी अहवाल तीस तारखेपर्यंतचा असतो, हे बऱ्याच जणी विसरतात.

फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढावा. बॉलपेनची शाई फ्लॅशखाली चमकते आणि नेमका आकडाच पांढरा होतो. मोबाइल पानाच्या बरोबर वर धरावा, पानाच्या चारही कडा दिसाव्यात. जाड रजिस्टरमध्ये शिवणीजवळचे रकाने वाकतात. तिथे दुसरीने पान हाताने दाबून धरावे किंवा त्या भागाचा वेगळा फोटो घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला, की तो आकाराने लहान होऊन येतो आणि बारीक अक्षर फुटते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मोबाइलमध्ये फाइलला असे नाव दिले, की वर्षभरानंतरही सापडते:

```
2025-09_pan14_bachat-karj.jpg
```

आकडे वाचण्याआधी हात ओळखा

आपल्याकडच्या रजिस्टरांत मराठी आणि इंग्रजी आकडे सरमिसळ असतात. एकाच पानावर अर्ध्या ओळी एका बाईंनी आणि अर्ध्या त्यांच्या मुलीने लिहिलेल्या असू शकतात. गोंधळ तिथे होतो. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचा आकार जवळजवळ सारखा. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांचेही तेच. लिहिणारीने एकाच्या डोक्याची गाठ मोठी काढली, की एक हजाराचे नऊ हजार वाचले जातात.

म्हणून आधी पानावरचे खात्रीचे आकडे शोधा: अनुक्रमांक, तारीख, ठरलेली बचत. अनुक्रमांकाच्या रकान्यात एक ते दहा सगळे अंक त्याच हाताने लिहिलेले सापडतात. तिचा एक कसा आहे, चार कसा आहे, हे तिथे पाहून मग रकमांकडे वळा.

दुसरी खोच रिकाम्या जागांची. कोणी ‘निरंक’ लिहिते, कोणी आडवी रेघ मारते, कोणी चौकट तशीच सोडते. आडवी रेघ आणि निरंक म्हणजे शून्य. रिकामी चौकट म्हणजे शून्य असेलच असे नाही. लिहायचे राहिलेले असू शकते. तिसरी गोष्ट उभ्या रेघेची. पहिल्या ओळीत २०० लिहून खाली शेवटपर्यंत रेघ ओढायची सवय फार ठिकाणी आहे. त्या रेघेखाली गैरहजर सदस्याची ओळही झाकली जाते. अशी रेघ दिसली, की हजेरीचा फोटो उघडून बाजूला ठेवा.

न वाचता येणारा आकडा अंदाजाने भरू नका. तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. त्यातले बरेच आकडे पुढच्या ताळ्यात आपोआप सुटतात. उरलेले फोनवर विचारता येतात.

तक्ता कसा मांडाल?

कागदावर मांडा किंवा मोबाइलवरच्या शीटमध्ये, रकाने तेच. शीटमध्ये आकडे इंग्रजीच टाइप करा आणि आडवी रेघ किंवा निरंक असेल तिथे 0 टाका, नाहीतर खालची सूत्रे चालणार नाहीत. मराठी आकड्यांना शीट बहुधा मजकूर समजते आणि बेरीज शून्य दाखवते.

रकाने असे: A अनुक्रमांक, B नाव, C मागील बचत, D या महिन्याची बचत, E एकूण बचत, F मागील कर्ज बाकी, G नवे कर्ज, H मुद्दल परतफेड, I व्याज, J दंड, K अखेरची कर्ज बाकी.

इथे एक पथ्य पाळा. E आणि K या रकान्यांत सूत्र टाकू नका. रजिस्टरमध्ये जे लिहिले आहे, तेच उतरवा, चूक दिसत असली तरी. तपासणी L आणि M या वेगळ्या रकान्यांत करा:

```
L2:  =C2+D2-E2
M2:  =F2+G2-H2-K2
```

दोन्हींत शून्य आले तर ती ओळ जुळली. शून्य नसेल, तर त्या ओळीत एकतर तुमची वाचनाची चूक आहे किंवा लिहिणारीची. सूत्राने बाकी काढून तीच अहवालात टाकली, तर ही चूक कधी दिसतच नाही. अहवाल सुंदर होतो आणि रजिस्टर चुकीचेच राहते.

एक महिना पूर्ण सोडवून पाहू

उदाहरणासाठी दहा सदस्यांचा एक गट घेऊ. गट मार्च २०२३ मध्ये सुरू झाला. बचत दरमहा २०० रुपये. कर्जावर दरमहा शेकडा २ रुपये व्याज, तेही राहिलेल्या बाकीवर. सप्टेंबर २०२५ ची सभा ५ तारखेला झाली, नऊ जणी हजर होत्या. सहा नंबरच्या ताई आल्या नाहीत.

बचतीपासून सुरुवात करू. ऑगस्टअखेर तीस महिने झाले. सगळ्यांनी वेळेवर भरले असते, तर ६०,००० रुपये जमले असते. मागील पानावर ५९,८०० आहेत, कारण सात नंबरच्या ताईंचा एक हप्ता राहिला होता. चालू पानावर बचतीची बेरीज २,००० लिहिलेली आहे. रकान्यात वर २०० आणि खाली उभी रेघ. सात नंबरच्या ओळीत रेघेवर काहीतरी लिहिले आहे, पण पान तिथे दुमडलेले.

तुम्ही दहाही ओळींत २०० भरले, तर बेरीज २,००० येते. रजिस्टरशी जुळते. इथेच बहुतेक जणी पुढे जातात.

पण सहा नंबरच्या ताई गैरहजर आहेत. आता ‘एकूण बचत’ हा रकाना पाहा. सहा नंबरसमोर मागील ६,००० आणि एकूणही ६,०००. म्हणजे त्यांचे पैसे आले नाहीत. सात नंबरसमोर मागील ५,८०० आणि एकूण ६,२००; म्हणजे दुमडलेल्या जागी ४०० आहेत, मागचा हप्ता धरून. एकीचे २०० कमी, दुसरीचे २०० जास्त, म्हणून बेरीज जुळली होती. अहवालात फक्त एकूण बचत लिहायची असती तर बिघडले नसते असे वाटेल, पण बचत सदस्याच्या नावावर असते. उद्या कोणी गट सोडला, तर तिची रक्कम याच ओळीवरून ठरते.

गैरहजेरी हा मात्र पुरावा नव्हे. न येणारी बाई शेजारणीच्या हाती पैसे पाठवते, हे रोजचे आहे. एकूण बचतीच्या रकान्यातून निर्णय झाला म्हणून बरे. तोही वाचता आला नसता, तर सदस्याचे वैयक्तिक पासबुक मागवणे हाच मार्ग.

आता कर्जाकडे. फोटोवरून पहिल्या वाचनात असा तक्ता तयार झाला:

| क्र. | मागील बाकी | नवे कर्ज | मुद्दल परतफेड | व्याज | अखेरची बाकी (रजिस्टरप्रमाणे) |
|---|---|---|---|---|---|
| १ | १२,००० | – | ९,००० | २४० | ११,००० |
| २ | ८,००० | – | १,००० | १६० | ७,००० |
| ४ | १५,००० | – | १,५०० | ३०० | १३,५०० |
| ६ | ६,००० | – | – | – | ६,००० |
| ८ | – | १०,००० | – | – | १०,००० |
| ९ | ३,५०० | – | ५०० | ७० | २,९३० |

M रकान्यात दोन ओळी शून्य दाखवत नाहीत.

पहिल्या ओळीत फरक उणे ८,००० आहे. बारा हजारांतून नऊ हजार गेले तर तीन हजार राहायला हवेत, पण बाकी अकरा हजार लिहिली आहे. पानाखाली मुद्दलाची बेरीज ४,००० आहे आणि तुमची बेरीज १२,००० येते. फरक पुन्हा ८,०००. फोटो मोठा करून पाहिला, की ध्यानात येते: तो नऊ नाही, गाठ मोठी काढलेला मराठी एक आहे. ही तुमची वाचनाची चूक. ती तुम्ही तुमच्याच तक्त्यात दुरुस्त करायची, कोणाला विचारायची गरज नाही.

नवव्या ओळीत फरक ७० आहे. इथे आकडे स्वच्छ वाचता येतात. ३,५०० मधून ५०० वजा केले तर ३,००० राहतात. रजिस्टरमध्ये २,९३० आहेत. सत्तर रुपये कुठून आले हे शेजारच्याच रकान्यात दिसते: ते व्याज आहे. ताईंनी एकूण ५७० रुपये भरले आणि सचिवांनी सगळेच कर्जातून वजा केले. व्याज ही गटाची कमाई असते, तिने मुद्दल कमी होत नाही. गटांच्या हिशेबात ही चूक फार आढळते. रक्कम छोटी असली, तरी पुढच्या महिन्याचे व्याज २,९३० वर निघते आणि दर महिन्याला व्याज असेच वजा होत राहिले, तर कर्ज लवकर ‘फिटते’, गटाचे पैसे मात्र पूर्ण परत येत नाहीत.

ही चूक तुमची नाही, रजिस्टरची आहे. तिचे काय करायचे, ते थोडे पुढे पाहू.

दुरुस्तीनंतर कर्जाची गोळाबेरीज अशी: मागील बाकी ४४,५००, नवे कर्ज १०,०००, मुद्दल परतफेड ४,०००. अखेरची बाकी ५०,५००. रजिस्टरमध्ये खाली ५०,४३० लिहिले आहेत.

रोकड आणि बँक जुळवल्याशिवाय अहवाल पाठवू नका

वरचे सगळे एकाच पानावरचे होते. पैसे खरेच आले का, हे रोकड वही सांगते. सभेत जमा झाले ते असे: बचत २,०००, मुद्दल ४,०००, व्याज ७७०, दंड २०. एकूण ६,७९०. सभेआधी हातात ३५० रुपये होते. नवे कर्ज द्यायचे म्हणून बँकेतून ३,००० काढले. म्हणजे हाताशी आले १०,१४०. त्यातून कर्ज १०,००० आणि झेरॉक्सचे ६० गेले. राहिले ८०. रोकड वहीतही ८० आहेत, म्हणजे जुळले.

पण या जुळण्याची मर्यादा ओळखा. नवव्या ओळीतली ७० ची चूक रोकडीत दिसली नाही, कारण पैसे बरोबर आले होते, फक्त चुकीच्या रकान्यातून वजा झाले. बचतीतली सहा आणि सातची अदलाबदलही रोकडीत दिसली नसती. ओळींचा ताळा आणि रोकडीचा ताळा, दोन्ही लागतात; एकाचे काम दुसरा करत नाही.

बँकेचे पाहा. ऑगस्टअखेर खात्यावर २१,४०० होते, ३,००० काढल्यावर १८,४०० राहिले. रोकड वहीत तेच आहे. पासबुकात मात्र ३० सप्टेंबरला १८,५२८ दिसतात. जास्तीचे १२८ रुपये म्हणजे बँकेने बचत खात्यावर दिलेले व्याज. बऱ्याच बँका ते तिमाहीच्या शेवटी जमा करतात, म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चमध्ये पासबुक छापून घेतल्याशिवाय अहवाल बंद करू नका. उलट बाजूने एसएमएसचे वा इतर शुल्क कापलेले असते. दोन्हींची नोंद रोकड वहीत व्हायला हवी. हे १२८ सदस्यांकडून मिळालेल्या ७७० मध्ये मिसळू नका. ते वेगळ्या ओळीत जातात.

येणे बाकी आणि थकबाकी एक नव्हे

अहवालाच्या नमुन्यात हे दोन रकाने शेजारी असतात आणि दोन्हींत एकच आकडा भरून मोकळे होणाऱ्या खूप जणी आहेत. येणे बाकी म्हणजे सदस्यांकडे असलेले सगळे कर्ज: ५०,५००. थकबाकी म्हणजे त्यातला मुदत उलटूनही न आलेला भाग.

या गटात सप्टेंबरमध्ये मुद्दलाचे किती यायला हवे होते? ठरलेले हप्ते पाच जणींचे: १,०००, १,०००, १,५००, ५०० आणि ५००. मागणी झाली ४,५००. आले ४,०००. सहा नंबरच्या ताईंचे ५०० थकले. वसुली ८९ टक्के. व्याजाची मागणी ८९० होती, आले ७७०. त्यांचेच १२० थकले. आठ नंबरच्या ताईंचे कर्ज याच सभेत दिले, म्हणून त्यांची मागणी पुढच्या महिन्यापासून.

थकबाकीच्या जागी ५०,५०० लिहिले गेले, तर कागदावर गट पूर्ण बुडालेला दिसतो. वेळेवर परतफेड हे पंचसूत्रीतले एक सूत्र आहे आणि बँक कर्ज देताना ते पाहते. हप्त्याचा आकडा बचत-कर्जाच्या पानावर नसतो, तो कर्ज मंजूर झालेल्या सभेच्या ठरावात असतो. म्हणून इतिवृत्ताचा फोटो.

थकलेले १२० रुपये व्याज मुद्दलात मिळवू नका. तसा नियम गटाने ठरावाने केला असेल तरच; नाहीतर ते वेगळे थकीत म्हणून पुढे न्यायचे. दंडाचेही तसेच. सहा नंबरच्या ताईंना गैरहजेरीचा दंड लागू असेल, पण तो आलेला नाही. अहवालात मिळालेले २० रुपयेच लिहायचे.

रजिस्टरमधली चूक: तुमचा हक्क कुठपर्यंत?

रजिस्टर गटाचे आहे. तुम्ही अहवाल करता म्हणून त्यातला आकडा बदलायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. आणि अहवालात गुपचूप बरोबर आकडा टाकून रजिस्टर तसेच ठेवणे, हे तर त्याहून वाईट. पुढच्या महिन्यात आरंभीची शिल्लकच जुळणार नाही आणि तेव्हा कारण कोणालाच आठवणार नाही.

योग्य क्रम असा:

1. सचिवताईंना फोन करा. ओळ आणि रकाना सांगून विचारा. ‘तुमचे चुकले’ असे नको, ‘नऊ नंबरच्या ओळीत व्याजही वजा झालेय का, जरा बघता का’ असे. कधी कधी त्या वेळी खरेच जादा मुद्दल भरलेले असते आणि चूक दुसऱ्याच रकान्यात असते.
2. चूक मान्य झाली, तर रजिस्टरमध्ये चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायला सांगा. जुना आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर नको, खाडाखोड नको. शेजारी तारीख आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. खालची बेरीजही तशीच दुरुस्त करायची.
3. ज्या सदस्याची ओळ आहे, तिला सांगितलेच पाहिजे. तिच्या वैयक्तिक पासबुकातही २,९३० लिहिले गेले असेल. तिच्या नकळत कर्ज ७० रुपयांनी ‘वाढले’, तर भांडण होणार आणि तिची बाजू बरोबर असणार.
4. दुरुस्त पानाचा नवा फोटो घ्या. जुनाही ठेवा.

पाठवायची मुदत आली आणि दुरुस्ती पुढच्या सभेशिवाय होणार नसेल, तर अहवालात रजिस्टरचाच आकडा लिहा आणि खाली शेरा द्या: ‘क्र. ९ च्या बाकीत ७० रुपयांचा फरक आढळला, पुढील सभेत दुरुस्ती.’ शेरा असलेला अहवाल कमीपणाचा नसतो. तपासणीला येणारी व्यक्ती आधी तोच वाचते.

तयार अहवाल असा दिसेल

दुरुस्ती झाली असे धरून, सप्टेंबर २०२५ चा अहवाल:

- सदस्य १०, सभेला हजर ९.
- बचत: मागील ५९,८००, जमा २,००० (त्यात मागील बाकीचे २००), एकूण ६१,८००. बचत बाकी: एक सदस्य, २०० रुपये.
- कर्ज: मागील बाकी ४४,५०० (पाच सदस्य), नवे १०,००० (एक सदस्य), मुद्दल वसूल ४,०००, येणे बाकी ५०,५०० (सहा सदस्य).
- मुद्दल मागणी ४,५००, वसुली ८९ टक्के, थकबाकी ५००.
- व्याज: मागणी ८९०, मिळाले ७७०, थकीत १२०.
- दंड २०. खर्च ६०. बँकेचे व्याज १२८.
- अखेरची शिल्लक: रोख ८०, बँक १८,५२८.
- शेरा: क्र. ९ च्या कर्ज बाकीत ७० रुपयांची दुरुस्ती, अध्यक्ष व सचिवांच्या सह्यांनी.

गटाला फिरता निधी मिळाला असेल, तर तो बचतीच्या ओळीत मिळवू नका; त्याची ओळ स्वतंत्र.

गट दर आठवड्याला बसत असेल तर

‘उमेद’च्या गटांची सभा आठवड्याला असते, म्हणजे महिन्यात चार, कधी पाच पाने. बचत, परतफेड, व्याज, दंड आणि नवे कर्ज यांची सगळ्या आठवड्यांची बेरीज घ्या. शिलकांची बेरीज मात्र कधीच घेऊ नका. आरंभीची बाकी पहिल्या आठवड्याच्या पानावरून, अखेरची शेवटच्या पानावरून. चार आठवड्यांच्या येणे बाकीची बेरीज करून पाठवलेले अहवाल येतात, आणि त्यात गटाचे कर्ज एकदम चौपट झालेले असते. महिना कोणत्या सभेला संपला, हे ग्रामसंघाशी एकदाच ठरवून घ्या. एखाद्या महिन्यात पाचवी सभा आली की वाद तिथेच होतो.

फोटोंचे काय करायचे?

रजिस्टरच्या पानावर कोणाकडे किती कर्ज आहे आणि कोणाचे थकले आहे, हे नावानिशी असते. पासबुकाच्या फोटोत खाते क्रमांक असतो. हे फोटो सगळ्या गावच्या किंवा ग्रामसंघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. सचिवांनी ते थेट तुम्हालाच पाठवावेत. वर पाठवायच्या अहवालात नावे मागितलेली नसतील, तर फक्त बेरजा पाठवा. सहा नंबरच्या ताई का आल्या नाहीत, हे गटाला माहीत असते. बाकीच्यांना कळायची गरज नसते.

मूळ रजिस्टर कोणी ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेऊ मागितले, तर गटाने नाही म्हणावे. त्यासाठीच फोटो आहेत. दुसऱ्या बाजूने, गटातल्या कोणत्याही सदस्याला रजिस्टर पाहायचा आणि आपल्या पासबुकात नोंद करून घ्यायचा हक्क आहे. त्यासाठी तिला कारण सांगावे लागत नाही.

अहवालाची एक प्रत छापून किंवा हाताने लिहून गटाला परत द्या आणि पुढच्या सभेत सही होण्याआधी ती मोठ्याने वाचायला सांगा, प्रत्येकीची बचत आणि कर्ज बाकी तिच्या पासबुकाशी ताडत.